दिवसातून तीनदा, पण कोणाला?

एखादा बूट वेबसाइटवर पाहिला, आवडलाही, पण घ्यायचं ठरेना म्हणून पान बंद केलं. थोड्या वेळाने बातमी वाचायला गेलो तर मजकुराच्या शेजारी तोच बूट, त्याच रंगाचा. याला रिटार्गेटिंग म्हणतात. पहिल्यांदा ही आठवण उपयोगी वाटते, विसाव्यांदा कोणीतरी पाठलाग करतंय असं वाटतं. म्हणून जाहिरातदार एक मर्यादा घालतात: एका माणसाला दिवसातून, समजा, तीनच वेळा. तिचं नाव फ्रिक्वेन्सी कॅप. तरीही तो बूट पाठ सोडत नाही, असं का होतं?

बुटाच्या पानावर जाहिरात कंपनीच्या कोडचा छोटा तुकडा बसवलेला असतो. तो पिक्सेल म्हणून ओळखला जातो, कारण मुळात तो ठिपक्याएवढं, न दिसणारं चित्र मागवून काम करायचा. हा पिक्सेल तुमच्या ब्राउझरमधल्या कुकीत एक क्रमांक ठेवतो आणि कंपनीकडे नोंद होते: या क्रमांकाने हा बूट पाहिला. पुढे तुम्ही बातमीचं पान उघडता, तेव्हा ते दिसेपर्यंतच्या क्षणभरात शेजारच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. ओळखीचा क्रमांक दिसला की बूटवाल्याच्या वतीने चढी बोली लागते. त्याच क्रमांकापुढे आज तीन जाहिराती झाल्याची नोंद असेल, तर बोली लागत नाही.

मेख इथेच आहे. मोजला जातो तो क्रमांक, माणूस नव्हे. तुमच्या फोनचा क्रमांक वेगळा, लॅपटॉपचा वेगळा. दुकानाने दोन जाहिरात कंपन्यांना काम दिलं असेल तर दोघींच्या वह्या वेगळ्या, एकीला दुसरीची मोजणी दिसत नाही. दोन यंत्रं, दोन कंपन्या, प्रत्येकी तीन: नियम न मोडता दिवसाला बारा जाहिराती. कुकी पुसली की मोजणी शून्यापासून सुरू. सफारी ब्राउझरने तर २०२० पासून अशा परक्या, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या, कुकी सरसकट अडवल्या. खासगीपणासाठी ते चांगलंच झालं, पण क्रमांकच नसेल तर त्याच्यापुढे किती जाहिराती झाल्या हेही मोजता येत नाही.

लोकांची खाती वापरून फोन आणि लॅपटॉप एकाच माणसाचे आहेत हे जुळवता येतं, पण फक्त जिथे माणूस लॉगिन असतो तिथे.

मर्यादा हुकली आहे हे जाहिरातदाराच्या लक्षातही येत नाही, कारण तो सरासरी पाहतो. एक कल्पित हिशेब करू. बूट पाहिलेल्या १००० जणांना आठवड्यात एकूण ५००० जाहिराती दिसल्या. सरासरी पाच, ठीक वाटते. आता फोड करा: ६०० जणांना एकेक, ३०० जणांना चार-चार, आणि उरलेल्या १०० जणांना प्रत्येकी ३२. म्हणजे ३२०० जाहिराती, जवळजवळ दोन तृतीयांश खर्च, दहा टक्के लोकांवर. हे १०० जण बुटाचे जास्त शौकीन असतात असं नाही. ते दिवसभर ऑनलाइन असतात, त्यामुळे लिलावात पुन्हा पुन्हा सापडतात. म्हणून सरासरी बाजूला ठेवून किती जणांना किती वेळा दिसलं, हा तक्ता मागवावा. आठवड्याला आठची मर्यादा खरोखर पाळली गेली, तर या १०० जणांच्या २४०० जाहिराती वाचतात. नुसती रोजची मर्यादा इथे पुरत नाही, कारण दिवसाला तीन म्हणजे आठवड्याला एकवीस. शिवाय त्या तिन्ही दहा मिनिटांत संपू शकतात, तेव्हा दोन जाहिरातींमध्ये काही तासांचं अंतरही ठरवावं लागतं.

आठच का, सहा किंवा बारा का नाही? पुष्कळ जण विक्रीचे आकडे पाहतात: कितव्या जाहिरातीनंतर किती जणांनी घेतलं. यात फसगत आहे. दहावी जाहिरात ज्याला दिसते, त्याने आधीच्या नऊनंतर बूट घेतलेला नसतो, त्यामुळे ती निकामी भासते. उलट, पहिल्या जाहिरातीनंतर घेणाऱ्यांतले काही जण जाहिरात नसतानाही परत आलेच असते. खरं उत्तर हवं असेल तर बूट पाहिलेल्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. एका गटाला जाहिरात अजिबात नाही, दुसऱ्याला आठवड्याला चारपर्यंत, तिसऱ्याला आठपर्यंत. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातली खरेदी सारखीच निघाली, तर वरच्या चार जाहिरातींनी नुसता त्रास दिला. माझ्या मते हा प्रयोग न करता ठरवलेला कोणताही आकडा अंदाजच असतो.

सर्वांत जास्त चीड येते ती घेऊन झालेल्या बुटाच्या जाहिरातीची. खरेदी झाल्यावर आभाराच्या पानावरचा पिक्सेल तुमचा क्रमांक बूट पाहिलेल्यांच्या यादीतून काढतो. पण बूट फोनवर घेतला, तर निघतो फोनचा क्रमांक. लॅपटॉपचा यादीत तसाच राहतो, बहुतेकदा यादीची मुदत संपेपर्यंत, आणि ती मुदत अनेकदा तीस दिवसांची असते. दुकानाने ती सात दिवसांवर आणली, तर आठव्या दिवशी लॅपटॉपवरचाही बूट थांबतो.