रक्ती आव आणि तांबडा रस्सा

"रविवारी तांबडा रस्सा जास्त झाला, आतडं सोललं, मंगळवारी रक्ती आव पडली. कांद्याची तर एकच फोड खाल्लेली, तेवढ्यानं काय होतंय?"

तिखटानं जळजळ होते, एखादा जुलाबही होतो. पण ताप, मुरडा, रक्त-आव आणि पोट रिकामं असूनही सारखं कुंथावंसं वाटणं, यामागं शिगेला नावाचा जिवाणू असू शकतो. पोटात गेल्यावर तो सहसा एक ते तीन दिवसांत डोकं वर काढतो, म्हणजे मंगळवार बरोबर जुळतो. त्याला अख्खी फोडही लागत नाही, कापणाऱ्याचं न धुतलेलं बोट पुरतं.

कॉलऱ्याचे जिवाणू जठरातल्या आम्लात बहुतेक मरतात, म्हणून ते प्रचंड संख्येनं पोटात जावे लागतात. शिगेला आम्ल सोसतो, त्यामुळं 10 ते 100 जिवाणूही पुरे होतात.

मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या एम पेशी आतल्या मालाचा नमुना खालच्या रक्षक पेशींकडं पोचवतात. शिगेला त्याच दारानं आत जातो, गिळणाऱ्या रक्षक पेशीलाच मारतो आणि अस्तराच्या पेशीत मागच्या बाजूनं घुसतो. तिथं पेशीच्याच ॲक्टिन नावाच्या प्रथिनाची शेपटी करून तो थेट शेजारणीत शिरतो. बाहेर यावंच लागत नाही, म्हणून मूठभरांचे पुष्कळ होतात. त्यांच्यामागं धावलेल्या पांढऱ्या पेशी अस्तर उसवतात, व्रण पडतात. रक्त त्या व्रणांचं.

अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी मनानं घेऊ नका. जंतू आतच कोंडतात.