लांबलेले जुलाब म्हणजे अमिबाच?

"ट्रेकला ओढ्याचं पाणी प्यायलो, तीन आठवडे झाले पोट बिघडलंय, अमिबाच असणार ना? मेट्रोनिडाझोल घेतली की झालं?"

नाही हो, आपल्याकडे पोटाचं दुखणं जरा लांबलं की अमिबा म्हणायची सवयच लागलीय. माझ्या मावसभावाचं अगदी असंच झालेलं, शी पातळ, तेलकट, भयंकर वासाची, पाण्यावर तरंगणारी, पोट डब्ब, ढेकरांना सडक्या अंड्याचा वास, पण रक्त अजिबात नाही. हा जिआर्डिया नावाचा जंतू, तो लहान आतड्यात बसतो म्हणून चरबी पचत नाही. अमिबा मोठ्या आतड्यात जखमा करतो, त्यात आव-रक्त पडतं, कुंथावं लागतं.

त्याच्या पहिल्या स्टूल टेस्टमध्ये काहीच आलं नाही, कारण जंतू रोज पडत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी तीन सॅम्पल द्यावे लागतात, तिसऱ्यात सापडला. आणि रिपोर्टमध्ये अमिबा दिसला तरी तो निरुपद्रवी जातीचा असू शकतो, मायक्रोस्कोपखाली दोन्ही सेम दिसतात, फरक अँटिजेन किंवा पीसीआर टेस्टने कळतो.

जिआर्डियाला मोठ्या माणसात बहुतेकदा टिनिडाझोलचा २ ग्रॅमचा एकच डोस पुरतो. अमिबाला मात्र मेट्रोनिडाझोलच्या कोर्सनंतर आतड्यात उरलेल्या सिस्टसाठी, म्हणजे कवचातल्या जंतूंसाठी, डायलोक्सानाइड हे औषध १० दिवस लागतं, लोक नेमकं हेच सोडतात आणि दुखणं उलटतं. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या.

भावाला नंतरही दूध प्यायलं की जुलाब व्हायचे, जंतू गेलेला, पण आतड्याला पुन्हा दूध पचायला लागेपर्यंत काही आठवडे गेले.