महामार्गावर वळण चुकलं किंवा गाडी बंद पडली तर: गोव्यातल्या चालकांसाठी

गोव्यात एक्स्प्रेसवे नाही. आपला मोठा रस्ता म्हणजे पत्रादेवी ते पोळे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि पादचारी यांना बंदी आहे. ६६ वर तशी सरसकट बंदी नाही, त्यामुळे स्कूटर, ट्रक आणि पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या सगळे एकत्र धावतात. पणजीच्या अटल सेतूवर मात्र दुचाकी आणि तीनचाकी चालत नाही.

लेनचा नियम साधा आहे: डावीकडून चालायचं, उजवी लेन ओव्हरटेकसाठी, काम झालं की परत डावीकडे. उजवी लेन रिकामी दिसली म्हणून मडगावपर्यंत तिच्यातच बसून राहणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे मागचे डावीकडून घुसतात आणि तिथे स्कूटरवाला असतो.

आता वळण चुकण्याची गोष्ट. पणजीहून दाबोळीला निघालात, झुवारी पूल ओलांडला आणि कुठ्ठाळीचं वळण सुटलं. विमानाची वेळ जवळ आलेली, मागे रस्ता मोकळा दिसतो, हात आपोआप रिव्हर्स गिअरकडे जातो.

तुम्ही ताशी १० किलोमीटरने मागे येताय, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. मागून एक गाडी ताशी ८० ने येतेय, अंतर १०० मीटर. कोरड्या रस्त्यावर त्या चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर थांबायला त्याला साधारण ७५ मीटर लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही आणखी १४ मीटर मागे आलेले असता. जेमतेम वाचलात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर त्यालाच ९५ मीटर लागतात आणि तुम्ही २० मीटर मागे येता. बेरीज ११५, अंतर होतं १००.

शिवाय दीड सेकंद हा हिशेब उदार आहे. गाडीची मागची बाजू दिसली की चालक धरून चालतो की ती आपल्याच दिशेने जातेय. रिव्हर्सचा पांढरा दिवा दिवसा, पावसात लक्षात येत नाही. समोरची गाडी आपल्याकडे येतेय हे उमगायलाच वेळ जातो.

रहदारीच्या उलट दिशेने गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. रिव्हर्स घेत मागे येणाऱ्यावरही पोलीस हेच कलम लावू शकतात. आणि कुठ्ठाळी चुकलं तरी पुढे वेर्ण्याहून दाबोळीला रस्ता आहेच. काही मिनिटं जास्त जातील, एवढंच.

गाडी बंद पडली तर क्रम असा. इंजिन तापतंय किंवा ताकद सुटतेय असं जाणवलं की लगेच हॅझर्ड लाइट लावा आणि डाव्या बाजूला या. गाडी रखडत का होईना चालत असेल, तर पुलावर थांबू नका. पूल उतरून रुंद कडा मिळेपर्यंत न्या. हँडब्रेक ओढा, चाकं डावीकडे वळवा. सगळ्यांना डाव्या दारातून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणी उभं राहायचं नाही. मागून धडक बसली तर गाडीच अंगावर येते.

मग डिकीतला लाल त्रिकोण. किमान ५० मीटर मागे, म्हणजे साधारण ७० पावलं. वेगवान रस्त्यावर त्याहून लांब, आणि वळण किंवा चढाव असेल तर त्याच्या अलीकडे, कारण चालकाला तो वळणाआधी दिसला पाहिजे. जाताना त्रिकोण हातात येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धरा. पुलावर, अंधारात, बाजूला चालायला जागा नसेल तर तो लावायला जाऊ नका. झाडाची फांदी आणि दगड ही आपली जुनी पद्धत, पण निघताना दगड तिथेच राहतात आणि रात्री कुणीतरी स्कूटरवाला त्यांवर आपटतो.

फोन: राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३, कुणी जखमी असेल किंवा गाडी लेनमध्येच अडकली असेल तर ११२. जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आणि तुमची दिशा सांगा. ‘पुलाच्या जवळ’ म्हटलं तर कुठली बाजू ते कळत नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. टो करणारा आला की लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी लागतील, डिजिलॉकरमधले चालतात. टोचा खर्च विम्यात आपोआप येत नाही, त्यासाठी रोडसाइड असिस्टन्स वेगळा घेतलेला असावा लागतो. पॉलिसी घरून निघण्यापूर्वीच उघडून बघा.

बंद पडलेल्या गाडीला थांबण्याची मुभा आहे. झुवारी पुलावर फोटोसाठी थांबणाऱ्याला नाही: वाहतुकीला अडथळा केला म्हणून कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड, वर टोचा खर्च.