छपरावरचा अरेस्टर आणि बोर्डातला अरेस्टर

"अरेस्टर बसवलाय, तरी टीव्ही गेला!" कोकणात वळवाच्या दिवसांत ही तक्रार हमखास ऐकू येते. "कुठला अरेस्टर?" असं विचारलं की बोट छपराकडे जातं. घोळ तिथेच आहे, कारण एकाच नावाने आपण दोन वेगळ्या वस्तू ओळखतो.

छपरावरची ती तांब्याची सळी, तिच्यापासून भिंतीवरून उतरणारी पट्टी आणि खाली अर्थिंगचा खड्डा. वीज थेट घरावर पडली तर भिंत फुटू नये, वासे पेटू नयेत, एवढंच तिचं काम. टीव्हीशी तिचा संबंध नाही. उलट एक पंचाईत होते. विजेचा प्रवाह 30 हजार अँपिअर धरा आणि खड्ड्याचा रोध 10 ओहम. गुणाकार करा: 3 लाख व्होल्ट. तेवढ्या क्षणापुरती घराची अर्थिंगच लाखो व्होल्टवर चढते आणि वीज अर्थच्या वायरीतून उलटी घरात शिरू पाहते. म्हणून सळी असलेल्या घराला दुसरा अरेस्टर जास्तच लागतो.

हा दुसरा म्हणजे मेन बोर्डात एमसीबीशेजारी बसणारा, एसपीडी म्हणतात तो. एरवी तो गप्प असतो. दूरवर पडलेल्या विजेचा झटका तारेवरून आला आणि व्होल्टेज एकदम चढलं, की तो फेजमधला जादा प्रवाह अर्थला वळवतो. हे एमसीबीला जमत नाही. तो पडायला काही मिलिसेकंद लागतात आणि झटका मायक्रोसेकंदांत येऊन जातो.

आमच्या घरी हाच एसपीडी बसवताना चूक झाली होती. वायरमनने हिरवी वायर दीड मीटर ठेवून तिचं नीट वेटोळं करून दिलं. दिसायला छान. पण इतक्या वेगाने चढणाऱ्या प्रवाहाला सरळ वायरही अडवते, मीटरमागे ढोबळमानाने हजार व्होल्ट. एसपीडीने व्होल्टेज दीड हजारावर रोखलं तरी वायरीचे दीड हजार वर चढले, म्हणजे उपकरणापर्यंत तीन हजार. नाजूक इलेक्ट्रॉनिक्स साधारण दीड हजारापर्यंतच टिकतं. दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात, वेटोळं मुळीच नको.

आणि अर्थिंगच नसेल तर झटका वळवायचा कुठे? जांभ्यात खणलेला खड्डा मे महिन्यात खडखडीत कोरडा असतो, नेमका वळवाच्या तोंडावर. त्यात पाणी ओता आणि अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या. एसपीडीची छोटी खिडकीही बघा: हिरवी असेल तर ठीक, लाल झाली असेल तर कार्ट्रिज संपली.

एवढं करूनही मी प्लग काढतोच. नुसतं बटण बंद केल्याने फक्त फेज तुटतो, तोही काही मिलिमीटरच्या फटीने. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. शिवाय डिशची केबल आणि राउटरची वायर बोर्डातून येतच नाही, त्यामुळे त्याही सोडवतो. पण हे आभाळ भरून येतानाच. गडगडाट ऐकू आल्यावर प्लगला हात लावत नाही.