गोठणकाल : आमरसाचे पाकीट, मटारचा दाणा आणि प्लांकचे सूत्र

गोठणबिंदूला पोहोचलेला खाद्यपदार्थ अगदी मध्यापर्यंत गोठायला जितका वेळ लागतो, त्याला त्या पदार्थाचा गोठणकाल म्हणतात. तो काढण्याचे सर्वांत सोपे सूत्र शीतकरणशास्त्रातील जर्मन अभियंते रुडॉल्फ प्लांक यांनी १९१३ मध्ये मांडले. पुंजसिद्धांताचे माक्स प्लांक वेगळे. दोघांच्या आडनावांचे स्पेलिंगही वेगळे आहे. सूत्र असे :

```
t = [ρ·L / (Tf − Ta)] · [P·a/h + R·a²/k]
```

यात ρ ही पदार्थाची घनता, L त्याची गोठताना बाहेर पडणारी सुप्त उष्णता, Tf गोठणबिंदू आणि Ta भोवतालच्या थंड हवेचे तापमान. k ही गोठलेल्या थराची उष्णतावाहकता आहे आणि h हा पृष्ठभागावरून हवेकडे उष्णता किती सहज जाते ते सांगणारा गुणांक. a म्हणजे लादीची पूर्ण जाडी किंवा गोलाचा पूर्ण व्यास. काही पुस्तकांत अर्धी जाडी घेतात आणि त्यानुसार P व R चे आकडेही बदलतात. एका पुस्तकातले आकडे आणि दुसऱ्या पुस्तकातली जाडी अशी सरमिसळ झाली की उत्तर हमखास चुकते.

P आणि R हे आकारगुणांक. लादीसाठी ते १/२ व १/८, लांब दंडगोलासाठी १/४ व १/१६ आणि गोलासाठी १/६ व १/२४. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. पदार्थाच्या घनफळाला त्याच्या उघड्या पृष्ठभागाने भागले की लादीसाठी a/२ येते, दंडगोलासाठी a/४ आणि गोलासाठी a/६. म्हणजे एकेका चौरस मीटर पृष्ठभागामागे किती माल उभा आहे, एवढेच P सांगतो. R प्रत्येक वेळी P चा चौथा हिस्सा असतो.

सूत्र कुठून आले ते अर्धवट गोठलेल्या आमरसात डोळ्यांनी दिसते. जोराने थंड हवा सोडणाऱ्या ब्लास्ट फ्रीझरमधून वेळेआधी काढलेले जाड पाकीट करवतीने आडवे कापले, तर वर आणि खाली फिकट पिवळ्या, टणक अशा दोन पट्ट्या दिसतात आणि मधोमध गडद केशरी, चमच्याने निघेल असा रस. त्या मधल्या रसाची उष्णता बाहेर पडताना आधी गोठलेल्या पट्टीतून जाते आणि मग पृष्ठभागावरून हवेत. पट्टीची जाडी x असेल तर वाटेतला एकूण अडथळा १/h + x/k इतका असतो. पट्टी जाड होत जाते तसा अडथळा वाढतो आणि गोठण्याची सीमा आणखी सावकाश आत सरकते. x शून्यापासून a/२ पर्यंत नेऊन बेरीज केली की वरचे सूत्र मिळते. कंसातले पहिले पद हवेच्या अडथळ्याचे आणि दुसरे बर्फाच्या. या दोन पदांची आपापसातली तुलना हाच या सूत्राचा खरा उपयोग आहे. मिनिटांचा हिशेब त्यामानाने दुय्यम.

मे महिन्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हापूस उतरतो, तेव्हा पुण्यात रस काढून पाकिटांत साठवण्याची घाई सुरू होते. अशा एखाद्या छोट्या उद्योगातले पाच किलोचे पाकीट घेऊ : सुमारे ३० × ३२ सेंमी, जाडी ५ सेंमी, जाळीच्या ट्रेवर ठेवलेले, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून हवा मिळणारे. रसाची घनता १,०५० किलो प्रति घनमीटर, सुप्त उष्णता २,७०,००० जूल प्रति किलो, गोठणबिंदू −२° से. आणि गोठलेल्या रसाची k १.५ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरू. रसात साखर असल्यामुळे तो पाण्यासारखा शून्याला गोठत नाही. सुप्त उष्णता जूलमध्येच घ्यायची, किलोजूलमध्ये नाही. नाहीतर उत्तर हजारपटीने लहान येते.

फ्रीझरची हवा −३२° से. आणि h २५ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश असेल, तर हिशेब असा :

```
ρ·L/(Tf − Ta) = 1050 × 270000 / 30  = 9450000
P·a/h         = 0.05 / (2 × 25)     = 0.001000
R·a²/k        = 0.05² / (8 × 1.5)   = 0.000208
t             = 9450000 × 0.001208  = 11416 s
```

म्हणजे जवळपास ३ तास १० मिनिटे. आता पदे पाहा. एकूण अडथळ्यातला पाचपैकी चारांहून अधिक वाटा हवेचा आहे, बर्फाचा फक्त सहावा हिस्सा. अशा ठिकाणी तापमान आणखी खाली नेण्यासाठी विजेचे बिल वाढवण्याआधी पंखा, ट्रेची मांडणी आणि पाकिटांमधल्या फटी तपासाव्यात. तेच पाकीट तितक्याच थंड प्लेट फ्रीझरमध्ये दोन धातूच्या पाट्यांत दाबले आणि h २०० मिळाला, तर हवेचे पद ०.०००१२५ वर येते आणि वेळ अवघा ५३ मिनिटे. आता बर्फाचे पद मोठे झालेले असते, त्यामुळे पाट्या आणखी घट्ट दाबून फारसे काही मिळत नाही. तिथे जाडी कमी करणे हाच मार्ग उरतो. उलट −१८° से. च्या साध्या डीप फ्रीझरमध्ये, जिथे हवा जवळपास स्थिर असते आणि h ६ च्या आसपास, तिथे तेच पाकीट साडेएकवीस तास घेते. रात्री ठेवलेला रस सकाळी वरून दगडासारखा लागतो आणि आत मऊ असतो, तो यामुळे. इतक्या सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात. मग वितळल्यावर रस एकजीव राहत नाही, कडेला पिवळसर पाणी सुटते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पाकिटे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून मग गोठवायला लावणे. ४ मिमी जाडीच्या पन्हाळी पुठ्ठ्याची वाहकता ०.०६ धरली, तर त्याचा अडथळा ०.००४/०.०६, म्हणजे ०.०६७ येतो. हवेचा अडथळा १/२५, म्हणजे ०.०४. पुठ्ठा एकटाच हवेपेक्षा मोठा अडथळा झाला. दोघांची बेरीज केल्यावर h २५ वरून ९.४ वर घसरतो आणि ३ तास १० मिनिटांचे साडेसात तास होतात. पाकिटे एकावर एक ठेवली तरी जवळपास तेच घडते : जाडी १० सेंमी झाली की हवेचे पद दुप्पट होते, बर्फाचे चौपट आणि वेळ ७ तास २६ मिनिटे. आधी गोठवावे, मग खोक्यात भरावे, हा क्रम या आकड्यांतूनच येतो.

गोलाचे उदाहरण म्हणून मटारचा दाणा घेऊ. पुरंदरचा मटार पुणेकरांच्या परिचयाचा आहे. दाण्याचा व्यास ८ मिमी, घनता १,०४०, सुप्त उष्णता २,५०,०००, गोठणबिंदू −१° से. आणि k तीच १.५. खालून जोरात हवा सोडून दाणे उकळत्या पाण्यासारखे उसळते ठेवणाऱ्या फ्रीझरमध्ये प्रत्येक दाण्याला चहूबाजूंनी हवा मिळते. तिथे h १२० घेऊ, हवा −३२° से. हवेचे पद ०.००८/(६ × १२०), म्हणजे ०.००००१११ आणि बर्फाचे ०.०००००१८. वेळ येतो सुमारे १०८ सेकंद. तीन तासांहून अधिक आणि दोन मिनिटांपेक्षा कमी, यांतला मोठा फरक जाडीचा आणि वाऱ्याचा आहे. आकाराचा वाटा लादीच्या तुलनेत नेमका तीनपट, कारण १/६ हा १/२ चा तिसरा हिस्सा. पण दाणे ओले असतील आणि एकमेकांना चिकटून गड्डा झाला, तर गोलाचे गुणांक लागूच होत नाहीत. तो गड्डा त्याच्या जाडीची लादी समजावी.

या सूत्राने काढलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा नेहमीच कमी येतो आणि त्याचे कारण त्याच्या गृहीतकांत आहे. पदार्थ सुरुवातीलाच गोठणबिंदूवर आहे आणि सगळे पाणी त्या एकाच तापमानाला गोठते असे ते मानते. प्रत्यक्षात रस १०° किंवा ३०° वरून खाली यावा लागतो. साखर, आम्ले आणि क्षार उरलेल्या पाण्यात दाटत जातात, म्हणून −२° ला सुरू झालेले गोठणे बरेच खालपर्यंत चालूच राहते. शिवाय मालाचा गाभा −१८° पर्यंत नेल्याशिवाय तो शीतगृहात पाठवत नाहीत. क्यू. टी. फाम यांनी १९८० च्या दशकात सुचवलेल्या पद्धतीत कंसातली तीच दोन पदे कायम ठेवून उष्णतेचा हिशेब दोन टप्प्यांत करतात : पहिल्या टप्प्यात गोठण्याआधी थंड होण्याची उष्णता, दुसऱ्यात गोठण्याची आणि त्यानंतर आणखी थंड होण्याची उष्णता एकत्र. न गोठलेल्या रसाची विशिष्ट उष्णता ३,७०० आणि गोठलेल्याची २,००० जूल प्रति किलो प्रति अंश धरली, तर वरचे पाकीट १०° वरून −१८° पर्यंत न्यायला या पद्धतीने ४ तास ४० मिनिटे लागतात. ३०° च्या रसाला ५ तास ५ मिनिटे. म्हणजे भर उन्हाळ्यातला रस आधी साध्या कूलिंगमध्ये १०° पर्यंत उतरवला, तर ब्लास्ट फ्रीझरचा प्रत्येक फेरीमागे जवळपास अर्धा तास वाचतो. कामाचे वेळापत्रक प्लांकच्या ३ तास १० मिनिटांवर कधीही बांधू नये. तो आकडा दोन मांडण्यांची तुलना करण्यासाठी वापरावा.

घनता, सुप्त उष्णता आणि वाहकता तक्त्यांत मिळतात. h मात्र प्रत्येक फ्रीझरचा, किंबहुना त्यातल्या प्रत्येक कोपऱ्याचा वेगळा असतो आणि उत्तरातली चूक बहुतेक वेळा त्यातूनच येते. तो मोजण्याची सोपी रीत अशी. पाकिटाएवढ्याच लांबी-रुंदीची ५ सेंमी जाड ॲल्युमिनियमची लादी घ्यावी, मध्यभागापर्यंत भोक पाडून त्यात तापमापकाची तार बसवावी आणि ती पाकिटाच्या जागी ट्रेवर ठेवावी. ॲल्युमिनियममधून उष्णता इतकी सहज वाहते की आतला अडथळा जवळपास शून्य असतो. लादीच्या थंड होण्याचा वेग ठरवते ती फक्त हवा. लादी आणि हवा यांच्या तापमानातला फरक निम्मा व्हायला किती सेकंद लागले ते मोजावे आणि ४२,१०० ला त्या संख्येने भागावे. जो आकडा येतो तो h. पंख्यासमोर २८ मिनिटे लागली, तर h २५ आहे. मागच्या कोपऱ्यातल्या खालच्या ट्रेवर तासभर लागला, तर तिथला h १२ पेक्षाही कमी आहे आणि त्या ट्रेवरचे आमरसाचे पाकीट ३ तास १० मिनिटांत नव्हे, तर प्लांकच्याच सूत्राने ६ तास १० मिनिटांत गोठेल.