दोन मित्रांची पार्टनरशिप: करारात काय लिहून घ्यायचं

करार करायला दोन मित्र येतात तेव्हा बोलणं बहुतेक टक्क्यांपासून सुरू होतं, निम्मं-निम्मं की साठ-चाळीस. बाहेर पडायचा विषय मात्र आम्हालाच काढावा लागतो, कारण आत्ताच कशाला ते, असं दोघांनाही वाटतं. आमचं म्हणणं असं की तो आत्ताच बोलायचा, दोघांचं छान जमतंय तोवर, कारण कोण आधी बाहेर पडणार हे आज कुणालाच माहीत नसतं आणि त्यामुळे दोघंही रास्त तेच मागतात. हे पत्रक घरी नेऊन दोघांनी एकत्र बसून वाचा.

नफा कसा वाटायचा

एक उदाहरण धरू. अ ने ८ लाख घातले, ब ने २ लाख. अ ची नोकरी चालूच आहे, ब दिवसभर धंद्यात. वर्षाचा नफा झाला १० लाख. आता भांडवलाच्या प्रमाणात वाटला तर अ ला ८ आणि ब ला २, म्हणजे वर्षभर राबलेल्याच्या हातात जवळपास काहीच नाही. निम्मा-निम्मा केला तर ५-५, मग अ म्हणणार की माझे जास्तीचे ६ लाख अडकलेत त्याचं काय. आणि करारात काहीच लिहिलेलं नसेल तर बऱ्याच ठिकाणचा कायदा समान वाटा धरतो, भांडवल कुणाचं किती हे तो बघत बसत नाही.

आम्ही सहसा तीन पायऱ्या सुचवतो. आधी भांडवलावर व्याज, समजा १० टक्के, म्हणजे अ ला ८० हजार आणि ब ला २० हजार. मग काम करणाऱ्याला पगार, ब ला महिना २५ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख. उरलेले ६ लाख निम्मे-निम्मे. हिशोब होतो अ ला ३ लाख ८० हजार आणि ब ला ६ लाख २० हजार. पैशाला पैशाचा मोबदला, कामाला कामाचा, आणि जोखीम दोघांची सारखी म्हणून शेवटचा वाटा सारखा. टक्का किती, पगार किती हे तुम्ही ठरवा, पण पायऱ्या वेगळ्या ठेवा, कारण पुढे ब ने काम कमी केलं किंवा अ ने अजून पैसे घातले तर फक्त ती एक पायरी बदलते, सगळा करार उकरावा लागत नाही.

इथे लोक एक गोष्ट विसरतात. नफा २ लाखच झाला तर काय? व्याज आणि पगार मिळूनच ४ लाख होतात. मग पगार नफ्यातूनच द्यायचा की नफा नसला तरी द्यायचा आणि खड्डा दोघांनी भरायचा, हे वाक्य करारात पाहिजेच. तसंच उचलीचं. कागदावर १० लाख नफा दिसतो पण त्यातले निम्मे उधारीत आणि मालात अडकलेले असतात, म्हणून दर महिन्याला कोण किती उचलणार याची मर्यादा लिहा आणि शिल्लक वाटप वर्षाचा हिशोब पूर्ण झाल्यावरच करा.

कामं आणि सह्या

कुणी काय करायचं याची लांबलचक यादी नको, ती सहा महिन्यांत जुनी होते. त्यापेक्षा कुणाच्या एकट्याच्या सहीने काय होऊ शकतं हे लिहा. साध्या भागीदारीत एकाने धंद्यासाठी केलेलं देणं दुसऱ्यालाही लागू होतं आणि धंद्यात पैसे नसले तर ते घरच्या पैशातून भरायची वेळ येऊ शकते. म्हणून एका रकमेपर्यंत एकाची सही, त्यावर दोघांची. कर्ज, कुणाला हमी, जागेचा करार आणि नवीन माणूस भागीदार म्हणून घेणं, हे रक्कम कितीही असली तरी दोघांच्या लेखी संमतीनेच. आणि हो, बँक खातं दोघांनाही कधीही बघता आलं पाहिजे. एक पार्टनर हिशोब दाखवायला टाळाटाळ करायला लागला किंवा नंतर दाखवतो म्हणाला, की तिथून पुढचं बिनसायला सुरुवात होते असं आम्ही बघत आलोय.

एकाला बाहेर पडायचं असेल तर

दोघांच्या पार्टनरशिपमध्ये एक गेला की पार्टनरशिपच उरत नाही. करार गप्प असेल तर मग धंदा गुंडाळून, माल विकून, देणी फेडून उरलेलं वाटायची वेळ येऊ शकते, आणि चालत्या धंद्याची किंमत तशी विकून कधीच येत नाही. म्हणून पहिलं कलम हे की जाणाऱ्याचा वाटा विकत घेऊन राहणारा धंदा पुढे चालवू शकेल, नाव, फोन नंबर, जागा सगळं त्याच्याकडे राहील. नोटीस तीन महिन्यांची, आणि हिशोबाची तारीख म्हणजे नोटीस संपते त्या महिन्याचा शेवटचा दिवस.

मग वाट्याची किंमत. वरच्याच उदाहरणात चार वर्षांनी ब निघाला असं धरू. वह्यांमध्ये त्याच्या नावावर ४ लाख जमा आहेत. पण मशीनची बाजारात किंमत वहीपेक्षा १ लाखाने कमी आहे आणि १ लाखाची जुनी उधारी वसूल होणार नाही. एकूण २ लाख कमी, ब च्या वाट्याला १ लाख. दुसरीकडे धंद्याचं नाव झालंय, गिऱ्हाईक बांधलंय, त्याचं गुडविल मोजायची पद्धत करारात आधीच ठरलेली की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याइतकं. ते आले ६ लाख, ब चे ३. म्हणजे ४ वजा १ अधिक ३, ब ला मिळणार ६ लाख.

हा सरासरी नफा व्याज आणि पगार वजा केल्यानंतरचाच धरा. वजा न करता १० लाख धरले तर ब ला गुडविलचे ५ लाख द्यावे लागतील, आणि वर त्याच्या जागी पगारी माणूसही अ लाच ठेवायचाय. नफ्याची व्याख्या एका ओळीत न लिहिल्याने २ लाखांचा फरक पडतो.

६ लाख एकदम मागितले तर चांगला धंदाही बसतो. दीड लाख लगेच आणि उरलेले साडेचार लाख महिना २५ हजारांनी १८ हप्त्यांत, शिल्लक रकमेवरचं व्याज वेगळं. हप्ता चुकला तर काय हेही लिहा. आणि जाणाऱ्याने एक नीट सांभाळायचं, आधीच्या देण्यांतून तो आपोआप सुटत नाही, म्हणून बँकेला दिलेली वैयक्तिक हमी रद्द झाल्याचं पत्र हातात घ्यायचं आणि माल देणाऱ्यांना, गिऱ्हाइकांना लेखी कळवायचं. नाहीतर लोक त्याला पार्टनर समजूनच उधार देत राहतात.

भांडणच झालं आणि दोघांनाही धंदा हवा असेल तर एक कलम असं टाकता येतं की एकाने किंमत सांगायची आणि त्याच किमतीला विकायचं की घ्यायचं हे दुसऱ्याने ठरवायचं. सांगणारा किंमत रास्तच सांगतो. फक्त ज्याच्याकडे रोकड जास्त त्याला यात फायदा होतो, म्हणून पैसे उभे करायला निदान ९० दिवस द्या. पार्टनरचा मृत्यू झाला तर हीच किंमत ठरवायची पद्धत वारसांना लागू ठेवा, त्यांना पैसे मिळतील, धंद्यात बसायचा हक्क मात्र दोघांनी आज ठरवलं असेल तरच.

आमच्याकडे येताना दोघांनी आपापल्या कागदावर वेगवेगळं लिहून आणा की उद्या मी निघालो तर मला किती आणि कधी मिळावं, आणि तो निघाला तर मी किती देईन. ते दोन कागद समोर ठेवून आपण मसुदा करायला बसू.