मशीनचे काज (ब्लाऊजवरील)

बटण अडकवण्यासाठी कापडात घेतलेली आणि कडेने दाट टाक्यांनी बांधलेली चीर म्हणजे काज. झिगझॅग शिवणाऱ्या घरगुती मशीनवर आधी टाके पडतात आणि चीर नंतर हाताने दिली जाते. दोन समांतर दाट पट्ट्या, दोन्ही टोकांना आडवे घट्ट टाके (बारटॅक) आणि पट्ट्यांच्या मधोमध जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची मोकळी फट, अशी त्याची रचना असते. काज चांगले उघडणार की बिघडणार हे बहुतेक वेळा या फटीवर ठरते. फक्त सरळ टीप घालणाऱ्या जुन्या काळ्या मशीनला यासाठी वेगळी अटॅचमेंट लागते. सुई डावी-उजवीकडे हलत नसल्याने ही अटॅचमेंट कापडच हलवते.

साडीवरच्या ब्लाऊजला बहुधा हूक लावतात. कॉलरच्या, समोरून उघडणाऱ्या सुती ब्लाऊजला मात्र काज-बटणच शोभते, म्हणून येथे तोच नमुना घेतला आहे. असा ब्लाऊज अंगाला घट्ट बसतो आणि ताण आडवा येतो. उभ्या काजात त्या ताणाने बटण सरकत राहते व पट्टी फाकते. आडव्या काजात बटण बाहेरच्या टोकाला जाऊन टेकते आणि ओढ बारटॅक झेलतो. म्हणून घट्ट ब्लाऊजला आडवे काज बरे. अगदी अरुंद बटणपट्टीवर ते मावत नाही, तिथे उभ्यावाचून इलाज नसतो. बायकांच्या तयार शर्टांत काज उजव्या पट्टीवर व बटण डाव्या पट्टीवर असते, तीच रीत इथेही चालते.

चीर किती लांब हवी? बटणाचा व्यास अधिक जाडी. शर्टाचे नेहमीचे चपटे बटण साधारण ११.५ मिमी रुंद व २.५ मिमी जाड असते, म्हणजे चीर १४ मिमी. बारटॅक त्याच्या बाहेर येतात, म्हणून शिवलेले काज १६-१७ मिमी दिसते. घुमटाकार बटणाला हा हिशेब लागू पडत नाही. कागदाची पट्टी बटणाभोवती गुंडाळून तिची लांबी निम्मी करावी.

जागा ठरवताना वरून खाली समान अंतर टाकत जाण्याचा मोह होतो, पण सुरुवात छातीच्या रेषेपासून करावी. पट्टी फाकते ती तिथेच. समजा कॉलरच्या मुळापासून ब्लाऊजची समोरची उघडी बाजू २८ सेंमी आहे आणि छातीची सर्वांत भरलेली रेषा १७ सेंमीवर येते. एक काज १७ वर नक्की केले आणि ७ सेंमी अंतर धरले, की ३, १०, १७ आणि २४ अशा चार जागा मिळतात. तळाचे ४ सेंमी उरतात, तिथे आतून एक हूक पुरतो. आडव्या काजाचे बाहेरचे टोक मध्यरेषेच्या ३ मिमी बाहेर, पट्टीच्या काठाकडे असावे, म्हणजे घातल्यावर बटण मध्यरेषेवर बसते.

यानंतर चाचणी. कापणीत उरलेला तुकडा घ्यावा, पण नुसता एकेरी तुकडा काही सांगत नाही. बटणपट्टीवर जितके थर आहेत तितके सगळे हवेत: वरचे कापड, आतले पातळ पेस्टिंग, दुमडलेला मागचा थर. कापडाची आडवी-उभी वीणही तीच असावी, आणि काज काठापासून तितक्याच अंतरावर शिवावे. हे शेवटचे बहुतेक जण टाळतात. कापड वरून दाबणाऱ्या फुटाचा एक भाग काठाच्या जाडीवर आणि उरलेला हवेत असला की खालून कापड सरकवणाऱ्या दात्यांना ते सारखे ओढता येत नाही, टाके एकाच जागी साचतात आणि धाग्याचा गोळा होतो. फुटाच्या मोकळ्या भागाखाली तेवढ्याच जाडीचा चिंधीचा तुकडा सरकवला की कापड सुरळीत सरकते.

पातळ पॉपलिनला ११ नंबरची नवी सुई आणि सुमारे ०.४ मिमी टाका, येथून सुरुवात करता येते. चार टप्प्यांच्या मशीनवर एक पट्टी कापड पुढे सरकताना शिवली जाते आणि दुसरी मागे सरकताना. दाते दोन्ही दिशांना सारखेच ओढतात असे नाही, म्हणून एक पट्टी दाट व दुसरी विरळ येते. त्यासाठी बऱ्याच मशीनवर समतोलाचा स्क्रू किंवा चकती असते. टप्पा बदलताना सुई कापडाबाहेर हवी आणि कापड वळवायचे नाही. एकाच टप्प्यात काज करणाऱ्या मशीनवर बटण फुटाच्या मागच्या खाचेत बसवतात. तिथे काज अर्धवट राहिले, तर फुटाची घसरपट्टी जाड शिवणीला अडलेली असते किंवा बाजूची दांडी खाली ओढायची राहिलेली असते.

चाचणीचे काज उजेडासमोर धरून पाहावे. दोन पट्ट्यांमध्ये कापडाची बारीक सरळ रेघ दिसली पाहिजे. पट्ट्या एकमेकींत घुसल्या असतील तर चीर देताना टाका कापला जाणारच, हात कितीही स्थिर असो. टाका थोडा लांब केला की धाग्याची गर्दी कमी होऊन फट मोकळी होते. बॉबिनचा धागा वर दिसत असेल तर वरचे टेन्शन किंचित सैल करावे. कापड चुरगळत असेल तर पेस्टिंग अपुरे आहे. मग तेच काज कापून त्यातून बटण काढून-घालून पाहावे. न कापलेली चाचणी अर्धीच समजावी, कारण शिवलेले काज किती सैल वा घट्ट आहे हे कापल्यावरच कळते.

ब्लाऊजवर काज उघडताना दोन्ही बारटॅकच्या आतल्या बाजूला एकेक टाचणी आडवी टोचावी. हात निसटला तरी पाते टाचणीला अडते. मग सीम रिपरचे टोक काजाच्या एका टोकाजवळ फटीत खुपसून मध्यापर्यंतच न्यावे, आणि दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मध्याकडे यावे. एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलल्यास जोर शेवटी बारटॅकवर जातो आणि तो उडतो. रिपर बोथट असेल तर जोर लावावा लागतो, आणि जोर लागला की पाते भरकटते. बारीक टोकाची कात्री असेल तर काज आडवे मुडपून मधोमध इवलीशी खाच द्यावी आणि तिथून दोन्हीकडे कापत जावे. लाकडी फळीवर ठेवून काजाच्या छिन्नीने एका ठोक्यात चीर देणे सर्वांत सरळ, पण छिन्नी काजापेक्षा आखूड हवी. लांब काज दोन ठोक्यांत कापावे.

सुटणाऱ्या कापडाला कापण्यापूर्वी धागे धरणाऱ्या द्रवाचा थेंब फटीत सोडून सुकू देतात. रेशमावर त्याचा डाग उठू शकतो, म्हणून तो थेंबही आधी चिंधीवर टाकून पाहावा. चीर दिल्यावर कडेने डोकावणारे धागे ओढायचे नाहीत, कात्रीने छाटायचे.

टाका कापला गेलाच तर लगेच कळतो: पट्टीत एक लूप सुटून उभा राहतो. त्या काजात बटण घालू नये, ओढीने उसवत जाते. सुटलेली टोके सुईने मागे नेऊन गाठ मारावी आणि तेवढ्या जागेवर त्याच रंगाच्या धाग्याने हाताने काजटाका घालावा, दोन्ही बाजूंच्या शाबूत टाक्यांवर दोन-तीन टाके चढवून. बारटॅक कापला असेल तर चीरही लांबलेली असते. तेव्हा आधी वाढलेली चीर टाक्यांनी मिटवून घ्यावी, आणि त्यावर नवा बारटॅक घालावा.